आभाराच्या पत्रातला दुसरा परिच्छेद

महाविद्यालयातलं चर्चासत्र संपत आलं की सभागृहात ठरलेली चुळबुळ सुरू होते. पाहुण्यांचं भाषण झालेलं असतं, अध्यक्षांनी ‘वेळेअभावी दोनच शब्द’ म्हणत वीस मिनिटं घेतलेली असतात आणि मागच्या दाराशी चहाचे कप मांडल्याचा आवाज येऊ लागतो. सूत्रसंचालक पुकारतो, ‘यानंतर आभारप्रदर्शन.’ समितीतला एखादा विद्यार्थी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढतो. हा कागद आदल्या रात्री लिहिलेला असतो. पाहुणे काय बोलणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते काय बोलले याचा त्यात एक शब्दही नसतो.

कागदावर काय असतं, ते मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही माजी विद्यार्थ्याला पाठ असेल. पाहुण्यांनी आपल्या व्यग्र दिनक्रमातून अमूल्य वेळ काढला. मोलाचं मार्गदर्शन केलं. आभार मानून आम्ही त्यांना परकं करू इच्छित नाही, त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो. मग संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, शिक्षकेतर कर्मचारी, ध्वनिवर्धकवाले, मंडपवाले आणि ज्ञात-अज्ञात हात. या यादीत एखाद्या पदाधिकाऱ्याचं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावणं येतं. पाहुण्यांचं नाव चुकलं तर कोणी बोलावत नाही, कारण पाहुणे एव्हाना एसटीत बसलेले असतात.

या भाषणाची टिंगल करणं सोपं आहे, पण त्याचं काम निराळं आहे हे मान्य करायला हवं. व्यासपीठावरून मानलेले आभार हे मुख्यतः सभागृहासाठी आणि संस्थेसाठी असतात. कार्यक्रम कोणाच्या खांद्यावर उभा राहिला हे तिथे जाहीर होतं. आवाजाची यंत्रणा सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव वर्षातून एकदा ध्वनिवर्धकावरून घेतलं जातं, हेही काही कमी नाही. पाहुण्यांचे खरे आभार मात्र त्या चार मिनिटांत मावत नाहीत. ते मानायचे असतात नंतरच्या आठवड्यात, आणि नेमका तोच आठवडा समितीच्या हातून निसटतो. मंडप उतरतो, फोटो गटांवर फिरतात, परीक्षेचं वेळापत्रक लागतं.

व्याख्यात्याला बोलावून ऐकण्याची सवय मराठी समाजाला जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झाली. पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या आणि महाविद्यालयांतल्या वाङ्मय मंडळांनी, विज्ञान मंडळांनी तोच कित्ता गिरवला. बाहेरगावच्या वक्त्याला उतरवून घ्यायचं, कोणाच्या तरी घरी जेवू घालायचं, गाडीत बसवून द्यायचं आणि पोचल्याची चौकशी करायची, हा सगळा पाहुणचार त्यात गृहीत होता. आजची विद्यार्थी समिती बहुधा पाहुण्याला स्थानकावर घ्यायला जाते. परतीच्या वाटेवर सोबत असेलच असं नाही.

शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह ही चौकडी मात्र टिकून आहे. वर्षाला पाच-सहा ठिकाणी व्याख्यानाला जाणाऱ्या प्राध्यापकाच्या घरी शाली कपाटात मावत नाहीत आणि काचेची स्मृतिचिन्हं पोटमाळ्यावर जातात. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. ती चांगलीच आहे, फक्त पुस्तक निवडताना वक्त्याचा विषय कोणीतरी विचारात घेतलेला असावा. हवामानावर बोलायला आलेल्या बाईंच्या हाती कार्यालयातल्या गठ्ठ्यातलं यशस्वी उद्योजकांचं चरित्र ठेवलं, तर ते पुस्तक त्यांच्यासाठी घेतलेलं नाही हे त्यांना मुखपृष्ठ पाहताच कळतं.

आता पत्राकडे यावं. बऱ्याच महाविद्यालयांतून पाहुण्यांना आभाराचं पत्र जातं, हे खरं आहे. किंबहुना पूर्वीपेक्षा जास्त जातं. त्याचं एक कारण म्हणजे नॅक. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद ही संस्था 1994 मध्ये स्थापन झाली. तिच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयाला आपण घेतलेल्या प्रत्येक उपक्रमाचा पुरावा दाखवावा लागतो. त्यामुळे चर्चासत्राची एक फाईल तयार होते. त्यात निमंत्रणपत्र, पाहुण्यांची संमती, कार्यक्रमपत्रिका, उपस्थितांच्या सह्या, स्थळाची नोंद असलेले फोटो, अभिप्रायाचे अर्ज, अहवाल आणि शेवटी आभारपत्राची प्रत असते. म्हणजे आभारपत्राला आज दोन वाचक आहेत. एक पाहुणे आणि दुसरी फाईल.

फाईलच्या गरजा स्पष्ट आहेत. तिला महाविद्यालयाच्या नावाचा छापील कागद हवा, जावक क्रमांक हवा, तारीख, विषय, प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का हवा. एवढं असलं की फाईलचं समाधान होतं. पाहुण्यांना यातलं काहीच नको असतं. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते की त्या तासाभरात समोरच्या पोरांपर्यंत काही पोचलं का. एकाच कागदावर दोघांचं भागवणं शक्य आहे, पण त्यासाठी पत्राचे तुकडे वेगवेगळ्या हातांनी लिहायला हवेत. पहिला परिच्छेद कार्यालयाच्या नेहमीच्या नमुन्यातून आला तरी चालतो. दुसरा परिच्छेद समितीतल्या विद्यार्थ्यानेच लिहायला हवा, तोही भाषण ऐकलेल्या.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात भूगोल मंडळाने विहिरींच्या पाण्यावर चर्चासत्र ठेवलं. पाहुणे म्हणून निवृत्त भूवैज्ञानिक आले. त्यांनी सांगितलं की महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट या काळ्या खडकाचा आहे आणि एकसंध काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागाच नसते. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात. म्हणून शेजारशेजारच्या दोन वावरांत एका विहिरीला पाणी लागतं आणि दुसरी कोरडी निघते. पुढे त्यांनी पाण्याची पातळी कशी मोजायची ते सांगितलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मे महिन्यातली नोंद पावसाळ्यापूर्वीची आणि ऑक्टोबरमधली पावसाळ्यानंतरची. या दोन नोंदींतल्या फरकावरून त्या वर्षी जमिनीत किती पाणी मुरलं याचा अंदाज येतो. दोरीला वजन बांधून कोणालाही घरच्या विहिरीत हे करता येतं. फक्त माप कठड्याच्या वरून घेतलं असेल तर कठड्याची उंची त्यातून वजा करायची, कारण खोली नेहमी जमिनीपासून धरतात.

या चर्चासत्राचं नेहमीचं आभारपत्र असं निघेल: ‘आपण आमच्या महाविद्यालयात उपस्थित राहून भूजल या विषयावर अत्यंत मोलाचे व अभ्यासपूर्ण मार्गदर्शन केले. त्याचा आमच्या विद्यार्थ्यांना निश्चितच लाभ होईल. भविष्यातही आपले असेच सहकार्य लाभावे, ही विनंती.’ व्याकरण शुद्ध आहे, विनय आहे. पण ‘भूजल’ या शब्दाच्या जागी ‘कर्करोग’, ‘शेअर बाजार’ किंवा ‘संत साहित्य’ घातलं तरी पत्र तसंच्या तसं चालेल. पाहुण्यांनी अशी पत्रं पुष्कळ पाहिलेली असतात. ती बदलीच्या शब्दाने तयार होतात हे त्यांना ठाऊक असतं.

आता तेच पत्र, दुसऱ्या परिच्छेदासह:

‘सप्रेम नमस्कार. दिनांक 12 रोजीच्या चर्चासत्रासाठी आपण वेळ दिलात, त्याबद्दल भूगोल मंडळाच्या वतीने मनःपूर्वक आभार.

विहिरीची पातळी मोजण्याबद्दल आपण जे सांगितले, ते आमच्यातील चौघांनी घरी जाऊन करून पाहिले. एकाच्या घरी दोरी 31 फूट गेली. कठड्याची उंची 3 फूट आहे, ती वजा करायला तो विसरला होता. आपले वाक्य दुसऱ्या मुलाला आठवले, म्हणून नोंद 28 फूट अशी दुरुस्त केली. आता या चार विहिरी मे आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजायच्या, असे मंडळाने ठरवले आहे. मांजऱ्या खडक कसा ओळखायचा, हे मात्र चित्रावरून आमच्या नीट लक्षात आले नाही. तो आम्ही गावाजवळच्या खाणीत सरांबरोबर जाऊन पाहणार आहोत.’

या परिच्छेदात ‘मोलाचे’ हा शब्द नाही, ‘अभ्यासपूर्ण’ नाही, आणि त्यांची उणीव कोणाला भासणार नाही. पाहुण्यांना यातून तीन गोष्टी कळतात. आपलं कोणतं वाक्य लक्षात राहिलं, त्यावर कोणी काय केलं आणि कोणता भाग समजला नाही. तिसरी गोष्ट लिहायला विद्यार्थी कचरतात. आभाराच्या पत्रात ‘कळलं नाही’ असं कसं लिहायचं, असं त्यांना वाटतं. पण बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती सर्वांत उपयोगाची ओळ असते. पुढच्या गावी जाताना ते चित्राऐवजी पिशवीतून खडकाचा तुकडा नेतील.

असा परिच्छेद लिहायचा तर भाषण चालू असताना कोणीतरी टिपणं घ्यायला हवीत, आणि समितीची गोम तिथेच असते. समितीतली मुलं भाषण ऐकतच नाहीत. कोणी दाराशी उभं असतं, कोणी चहावाल्याला फोन करत असतं, कोणी प्रमाणपत्रांवर नावं लिहीत असतं. ज्यांनी पाहुण्यांना बोलावलं, त्यांच्याच कानावर भाषण पडत नाही. यावर उपाय साधा आहे. एका विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला त्या दिवशी दुसरं कोणतंही काम द्यायचं नाही. वही घेऊन तिसऱ्या रांगेत बसायचं आणि तीन गोष्टी टिपायच्या. सभागृह कधी हललं, प्रश्न कोणते आले, आणि पाहुण्यांनी काय पाठवतो म्हणून कबूल केलं. आभारप्रदर्शनही त्याच विद्यार्थ्याकडे सोपवलं तर आदल्या रात्रीचा कागद आपोआप बाद होतो. पदाधिकाऱ्यांची यादी तेवढी कागदावर लिहून ठेवावी, ती तोंडपाठ म्हणायच्या भानगडीत पडू नये.

आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला सहसा दोन भीती असतात. आपली भाषा तोकडी पडेल, आणि एवढ्या मोठ्या माणसाला आपलं पत्र म्हणजे उगाच लाडीगोडी वाटेल. मानसशास्त्राचे अभ्यासक अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी नेमकी हीच भीती तपासून पाहिली. त्यांचा अभ्यास 2018 मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी लोकांना आपल्यावर उपकार केलेल्या एखाद्या व्यक्तीला पत्र लिहायला सांगितलं. पत्र मिळाल्यावर त्या व्यक्तीला काय वाटेल याचा अंदाज लिहिणाऱ्यांकडून आधीच घेतला आणि मग पत्र मिळालेल्यांना प्रत्यक्ष विचारलं. अंदाज एकाच दिशेने चुकले. पत्र मिळालेल्यांना जेवढं आश्चर्य आणि जेवढा आनंद झाला, तेवढा होईल असं लिहिणाऱ्यांना वाटलं नव्हतं. उलट त्यांना अवघडल्यासारखं होईल असा जो अंदाज होता, तेवढं ते अवघडले नव्हते. लिहिणारे शब्द नेमके साधले का याच्या काळजीत होते, तर वाचणाऱ्यांचं लक्ष पत्रातल्या आपुलकीकडे होतं.

याच्या बरोबर उलट दिसणारं एक संशोधन अमेरिकेतलं आहे आणि तेही इथे सांगायला हवं. आन्या सामेक आणि चक लाँगफील्ड यांनी धर्मादाय संस्थांना देणगी देणाऱ्या पाच लाखांहून अधिक लोकांवर अनेक वर्षं चाललेला प्रयोग केला. काही देणगीदारांना संस्थेतर्फे आभाराचा फोन गेला, काहींना गेला नाही. पुढच्या देणग्यांत दोन्ही गटांत काही फरक पडला नाही. हे फोन ठरावीक मजकुराचे होते. देणगीदार आणि व्याख्याता यांची सरसकट तुलना करता येणार नाही. पण आभारपत्र पाठवलं की पाहुणे पुढच्या वर्षी नक्की येतील, असा हिशेब मांडणाऱ्या समितीने हा प्रयोग लक्षात ठेवावा. ‘भविष्यातही असेच सहकार्य लाभावे’ हे वाक्य त्यामुळेच गाळावं. आभार मानता मानता पुढची मागणी पुढे केली की पहिल्या दोन ओळी आमिषासारख्या वाटू लागतात. समितीतल्या कोणाला पाहुण्यांच्या संस्थेत प्रकल्प करायचा असेल, तर त्याने पंधरा दिवसांनी आपल्या नावाने वेगळं पत्र लिहावं.

पत्राहून नाजूक विषय मानधनाचा. तो बोलायला सगळ्यांनाच संकोच वाटतो, आणि संकोचापोटीच तो अडकतो. पाहुणे विचारत नाहीत, विद्यार्थ्यांना माहीत नसतं, प्राध्यापकांना वाटतं कार्यालयाने पाठवलं असेल, आणि कार्यालयात कागद एका सहीसाठी पडून असतो.

या सह्यांची गंमत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 1985 च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितली आहे. एका सरकारी महाविद्यालयातल्या शिक्षकाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं आणि पन्नास डॉलर मानधन देऊ केलं. सरकारी कागदपत्रांचा अनुभव असलेल्या फाइनमन यांनी हसत अट घातली की धनादेशावरची धरून तेरापेक्षा जास्त सह्या करणार नाही. शिक्षकही हसला. मग एकेक कागद येऊ लागला. सरकारशी निष्ठेचा कागद दोन प्रतींत, आपण खरोखरच प्राध्यापक आहोत असा कागद, असं करत व्याख्यानापर्यंत बारा सह्या झाल्या. तेरावी धनादेशासाठी राखून त्यांनी व्याख्यान दिलं. काही दिवसांनी शिक्षक घामाघूम होऊन आला. व्याख्यान दिल्याचं लिहून सही केल्याशिवाय धनादेश देता येत नव्हता. फाइनमन म्हणाले, तुम्ही तर समोर बसला होतात, तुम्हीच सही करा. पैसे नकोत असं ते म्हणाले तर तेही जमेना, कारण रक्कम त्यांच्या नावे बाजूला काढलेली होती. बऱ्याच खटपटीनंतर प्रकरण मिटलं आणि तेरावी सही धनादेश वटवायला वापरली गेली. वाचताना हसू येतं, पण त्या शिक्षकाची जी फरफट झाली ती आपल्याकडच्या कोणत्याही समन्वयकाला परकी वाटणार नाही.

आपल्याकडे साधारण काय लागतं? मानधनाची पावती, पाहुण्यांचा पॅन, बँक खात्याचा तपशील आणि त्याला आधार म्हणून रद्द केलेला धनादेश. प्रवासखर्च द्यायचा तर तिकिटं. रोख पाच हजारांपेक्षा जास्त द्यायचे असतील तर पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लावून त्यावर सही. पॅन मागितला की ‘आता कर कापणार का?’ असं पाहुण्यांच्या चेहऱ्यावर उमटतं. व्यावसायिक मानधनावर दहा टक्के करकपात होते, पण एका संस्थेने एका व्यक्तीला वर्षभरात दिलेली रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच. ही मर्यादा 30 हजार रुपयांची होती, ती एप्रिल 2025 पासून 50 हजार झाली. एका व्याख्यानाच्या दोन-तीन हजारांत हा प्रश्न सहसा येत नाही. समितीला हे ठाऊक असेल तर ती दोन वाक्यांत सांगून मोकळी होते.

अडतं ते भलत्याच ठिकाणी. पाहुण्यांचं पॅनवरचं नाव एक असतं आणि निमंत्रणपत्रिकेवरचं दुसरं. स्त्री-वक्त्यांच्या बाबतीत लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव यामुळे हे वरचेवर घडतं. निवृत्त पाहुणे जुन्या पासबुकाची छायाप्रत देतात आणि त्यावरचा आयएफएससी क्रमांक चालत नाही. 2019 आणि 2020 मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली. देना आणि विजया बँक बडोदा बँकेत गेल्या, सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत. त्या शाखांचे क्रमांक बदलले, पण पासबुकं घरोघरी जुनीच राहिली. कार्यालयाने पाठवलेली रक्कम परत येते, ती परत आल्याचं कोणी समितीला सांगत नाही आणि समितीच्या वहीत ‘मानधन दिले’ अशी खूण झालेली असते. म्हणून रक्कम पाठवल्याची नव्हे, तर पाहुण्यांच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करायची. एवढा एक फोन पुरतो: ‘सर, कार्यालयाने सोमवारी रक्कम पाठवली आहे. जमा झाली का, तेवढं पाहाल का?’ हा फोन विद्यार्थ्याने केला तर पाहुण्यांनाही हो-नाही सांगायला अवघड जात नाही.

मानधन देणं शक्यच नसेल, तर ते निमंत्रण देतानाच सांगावं. बहुतेक वक्ते तरीही येतात. व्याख्यान झाल्यावर पाकिटात पाचशेची नोट घालून ‘हे काही नाही, पानफूल समजा’ म्हणण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पत्रात नाव कसं लिहायचं, हा लहान वाटणारा पण मोठं नुकसान करणारा भाग. ज्यांनी पीएच.डी. केलेली नाही त्यांच्या नावामागे ‘डॉ.’ लावलं तर ते ओशाळतात, आणि केली आहे त्यांच्या मागे लावलं नाही तर ते बोलून दाखवत नाहीत. स्त्री-वक्त्याच्या नावामागे न विचारता ‘सौ.’ लिहू नये. पाहुण्यांनी स्वतःच्या परिचयपत्रात नाव जसं लिहिलं असेल, ऱ्हस्व-दीर्घासह, तसंच पत्रावर, प्रमाणपत्रावर आणि स्मृतिचिन्हावर यावं. स्मृतिचिन्हावरची चूक वाईट, कारण ती खोडता येत नाही आणि वर्षानुवर्षं दिवाणखान्यात बसून राहते. कोरायला देण्याआधी दुकानदाराकडून अक्षरांची प्रत मागवून घ्यावी आणि ती भाषेच्या प्राध्यापकांना दाखवावी.

फोटोंचंही तारतम्य असावं. कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर साठ-सत्तर फोटो धडाधड पाठवले जातात. त्यांतल्या निम्म्यांत संस्थेचे पदाधिकारी दीपप्रज्वलन करताना असतात. चार फोटो पुरे. एक बोलतानाचा, एक प्रश्नोत्तरांचा, एक श्रोत्यांचा आणि एक सत्काराचा. भाषणाचं चित्रण केलं असेल तर ते कुठे टाकण्याआधी विचारावं. सभागृहात शंभर पोरांसमोर मोकळेपणाने सांगितलेली एखादी गोष्ट सगळ्या जगासाठी असतेच असं नाही.

किती दिवसांत पत्र जावं? दोन-तीन दिवसांत गेलं तर उत्तम, आठवड्यात गेलं तरी चांगलं. प्राचार्यांच्या सहीसाठी पत्र अडलं असेल तर त्यासाठी थांबू नये. विद्यार्थ्यांनी त्याच संध्याकाळी एक लहान निरोप पाठवावा, ‘सर, सुखरूप पोचलात ना?’ एवढाच, आणि शिक्क्याचं पत्र मागाहून जाऊ द्यावं. उशीर झालाच तर उशिराची कारणं सांगण्यात परिच्छेद घालवू नये. महिन्याने गेलेल्या पत्रात उलट एक सोय असते. भाषणानंतर प्रत्यक्ष काय घडलं ते त्यात लिहिता येतं. वरच्या उदाहरणातली मुलं मे महिन्यात विहिरी मोजून झाल्यावर चार आकडे पाठवू शकतील, आणि भूवैज्ञानिकाला ते शालीपेक्षा नक्कीच जास्त आवडतील.

या सगळ्यात दरवर्षी एक अडचण नव्याने उभी राहते. विद्यार्थी समिती वर्षभराची असते. अंतिम वर्षाची मुलं उन्हाळ्यात पांगतात, पावसाळ्यात नवी समिती होते आणि तिला मागच्या पाहुण्यांबद्दल काहीच ठाऊक नसतं. मग त्याच वक्त्यांना पुन्हा निमंत्रण जातं, तेव्हा त्यांचं मागचं मानधन अजून मिळालेलं नसल्याचं फोनवरच उघड होतं. म्हणून मंडळाची एक साधी वही असावी. पाहुण्यांचं नाव अचूक अक्षरांत, संपर्क, विषय, त्यांना काय खायला चालतं, पत्र कधी गेलं, त्यांनी काय कबूल केलं, रक्कम कधी जमा झाली. यंदाच्या समितीने निरोप समारंभाआधी ही वही आपल्या प्राध्यापकांच्या हाती द्यावी, आणि रक्कम जमा झाल्याचा रकाना कुठे रिकामा दिसत असेल तर आधी कार्यालयात जाऊन तो भरून घ्यावा.